प्री-ऑर्डरची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली. ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत कसे मागायचे?

निळी_शाई | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:४०

लिहिण्यासाठीच्या एका ई-इंक टॅबची प्री-ऑर्डर केली आहे. विक्रेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, क्रेडिट कार्डाने, पूर्ण रक्कम आगाऊ भरून. घटनाक्रम असा:

१२ जानेवारी २०२५ : ऑर्डर केली, त्याच दिवशी कार्डावर रक्कम पडली. पानावर 'मार्चअखेर रवाना' असं होतं.
२८ मार्च : मेल आला, नवी तारीख ३० जून. मेलमध्ये 'थांबतो' आणि 'रद्द करतो' अशी दोन बटणं होती. 'थांबतो' दाबलं.
२६ जून : नवी तारीख १५ सप्टेंबर. बटण नव्हतं, नुसती सूचना होती. उत्तर दिलं नाही.
३ ऑक्टोबर : नवी तारीख ३० नोव्हेंबर. पुन्हा दोन बटणं. अजून काहीच दाबलेलं नाही.

आता टॅब नको, पैसे हवेत. 'रद्द करतो' दाबलं की एक फॉर्म उघडतो आणि त्यात 'परतावा स्टोअर क्रेडिटच्या रूपात' ही खूण आधीच केलेली असते. काढायला गेलं तर निघत नाही. पुढे काय करावं?

स्पष्टवक्ता | ८ ऑक्टोबर, रात्री १०:०५

उशीर केलात. कार्डाच्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत खेचायला, म्हणजे चार्जबॅक मागायला, १२० दिवस असतात. १२ जानेवारीपासून मोजले तर १२ मेलाच संपले. आता एकच रस्ता आहे, बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'हा व्यवहार मी केलेला नाही' म्हणून तक्रार टाका. फसवणूकच आहे ही, बँक लगेच हलते.

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, रात्री १०:५०

स्पष्टवक्ता, १२० दिवस बरोबर आहेत, पण ते कुठून मोजायचे तिथे गल्लत झाली आहे. आणि दुसरा सल्ला कृपया कुणी पाळू नका.

आधी दुसऱ्याबद्दल. निळी_शाई यांनी ऑर्डर स्वतः केली, मेल त्यांच्याच पत्त्यावर येतात, एकदा 'थांबतो' दाबल्याची नोंदही आहे. 'व्यवहार माझा नाही' म्हटलं की बँक पहिल्यांदा कार्ड बंद करते आणि मग विक्रेत्याला विचारते. विक्रेता हे सगळे मेल जोडतो आणि तक्रार तिथेच पडते. त्यानंतर 'वस्तू मिळाली नाही' ही खरी तक्रार घेऊन गेलात तर पहिला प्रश्न हाच येणार की आधी खोटं का सांगितलंत.

आता मुदत. वस्तू न मिळाल्याची तक्रार व्हिसामध्ये १३.१ या कारणाखाली जाते. १२० दिवस व्यवहारापासून किंवा वस्तू मिळण्याच्या शेवटच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात, आणि काही झालं तरी व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे जाता येत नाही. मास्टरकार्डचं गणितही याच धर्तीवर आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत:

मार्चअखेर धरली तर मुदत २९ जुलैला संपली.
३० जून धरली तर २८ ऑक्टोबर २०२५.
१५ सप्टेंबर धरली तर १३ जानेवारी २०२६.
५४० दिवसांची बाहेरची भिंत ६ जुलै २०२६.

३० जून ही तारीख तुम्ही स्वतः बटण दाबून मान्य केली होती, त्यामुळे मार्चचा प्रश्न मिटला. १५ सप्टेंबर या तारखेवर तुम्ही गप्प राहिलात. गप्प राहणं म्हणजे होकार, असं काही बँका धरतात, काही धरत नाहीत. त्या वादात पडायचंच कशाला? तक्रार २८ ऑक्टोबरच्या आत टाका. म्हणजे समोरच्याने जून धरला काय किंवा सप्टेंबर धरला काय, तुम्ही मुदतीत आहात.

खिडकीपाशी | ८ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मग ३ ऑक्टोबरच्या मेलमधलं 'थांबतो' दाबलं तर मुदत आणखी वाढेल ना? एक महिना वाट पाहून बघता येईल.

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, रात्री ११:४५

मुदत वाढेल, पण हक्क तितकाच पुढे ढकलला जाईल. या तक्रारीचा पायाच 'ठरलेल्या तारखेपर्यंत वस्तू आली नाही' हा असतो. तुम्ही ३० नोव्हेंबर मान्य केलीत की ठरलेली तारीख तीच झाली. मग ऑक्टोबरमध्ये बँकेत गेलात तर 'अजून तारीख आलेली नाही, नंतर या' असं उत्तर मिळतं आणि ते चूक नसतं. पुढच्या वेळी विक्रेता मार्च सांगेल. असं करत ५४० दिवसांची भिंत आली की खेळ संपला.

म्हणून ज्यांना वस्तू खरोखर हवी आहे त्यांनी होकार द्यावा, आणि ज्यांना पैसे हवेत त्यांनी त्या बटणाला हात लावू नये. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहत नाहीत.

खिडकीपाशी | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

समजलं. पेपालने पैसे भरले असतील तरी हेच गणित का?

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

नाही, आणि प्री-ऑर्डरवाले सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. पेपालमध्ये वाद नोंदवायची मुदत पैसे भरल्यापासून १८० दिवस असते. विक्रेत्याने तारीख किती वेळा पुढे नेली याचा त्यावर परिणाम होत नाही. १२ जानेवारीला भरले असते तर ११ जुलैला दार बंद. इथे बघा, जूनअखेरचा मेल 'सप्टेंबरमध्ये देतो' म्हणाला आणि तो मेल वाचून शांत बसलेल्या माणसाची मुदत दोन आठवड्यांनी संपली.

आणखी एक. वाद नोंदवल्यावर २० दिवसांच्या आत तो दाव्यात बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो, आणि बंद झालेला पुन्हा उघडत नाही. विक्रेता या २० दिवसांत 'वाद मागे घ्या, लगेच परतावा करतो' असं गोड बोलतो. पैसे खात्यात दिसल्याशिवाय मागे घेऊ नका. पेपालमागे क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर कार्डाच्या बँकेकडे जाता येतं, तिथे वरचंच गणित लागतं. थेट बँक खात्यातून पैसे पाठवले असतील तर मात्र कार्डासारखा चार्जबॅक मिळत नाही. मग विक्रेत्याला लेखी मागणी आणि त्यानंतर ग्राहक आयोग किंवा न्यायालय, एवढंच उरतं.

पायवाट | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

माझंही असंच झालंय. दीड वर्षापूर्वी एका स्मार्ट अंगठीला पैसे दिले, अजून आलेली नाही. मीही याच पद्धतीने २८ ऑक्टोबरपर्यंत तक्रार टाकू का?

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

पायवाट, २८ ऑक्टोबर ही तारीख निळी_शाई यांच्या ३० जूनवरून आली आहे, तुमची वेगळी निघेल. दीड वर्ष म्हणजे साधारण ५४७ दिवस. व्यवहाराची नेमकी तारीख आजच स्टेटमेंटमध्ये बघा, कारण तुम्ही भिंतीच्या अगदी अलीकडे आहात किंवा नुकतेच पलीकडे गेला आहात.

आणि पैसे दुकानात भरले की क्राउडफंडिंगच्या मोहिमेत?

पायवाट | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

मोहिमेत. पानावर 'बॅकर' असं लिहिलंय.

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मग तुमचा रस्ता बराच अरुंद आहे. मोहिमेला पैसे देताना 'प्रकल्प फसू शकतो' ही अट मान्य केलेली असते आणि समोरची बाजू नेमकं तेच बँकेपुढे ठेवते. तरीही मोहीम संपल्यावर त्याच कंपनीच्या दुकानात वेगळी ऑर्डर केली असेल, किंवा पाठवणीचे पैसे नंतर वेगळे कापले असतील, तर तो स्वतंत्र व्यवहार आहे आणि त्याची मुदत स्वतंत्र मोजली जाते. यावर वेगळा धागा काढलात तर बरं, इथे दोन्ही प्रकरणं मिसळतील.

तांब्याची_तार | ९ ऑक्टोबर, दुपारी १:२०

निळी_शाई, त्या तिन्ही मेलमध्ये उशिराची कारणं काय दिली आहेत? तारखेपेक्षा त्यावरून जास्त कळतं.

निळी_शाई | ९ ऑक्टोबर, दुपारी २:००

मार्च : 'पडद्याचा पुरवठा लांबला.' जून : 'पेनची अचूकता सुधारत आहोत, त्यासाठी मेनबोर्डमध्ये बदल केला.' ऑक्टोबर : 'वरच्या झाकणाचा नवा साचा बनवायला दिला आहे, ३० नोव्हेंबरला पाठवणी सुरू.'

तांब्याची_तार | ९ ऑक्टोबर, दुपारी २:४५

मग ३० नोव्हेंबर होणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

प्लास्टिकच्या भागाचा इंजेक्शन साचा पोलादातून कोरून घ्यायला साधारण सहा ते दहा आठवडे जातात. त्यातून निघालेले पहिले नमुने जवळजवळ कधीच जसेच्या तसे चालत नाहीत. कुठे झाकण बसत नाही, कुठे पृष्ठभागावर खळगा पडतो, बटणाची फट चुकते. साचा परत यंत्रावर जातो आणि दुरुस्तीची फेरी होते. त्यानंतर थोडे नग जोडून चाचणी, मग खरं उत्पादन, मग वाहतूक. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साचा 'बनवायला दिला' असेल तर नोव्हेंबरअखेर फार तर पहिले नमुने हातात येतील.

दुसरी गोष्ट, कारणांचा क्रम उलटा आहे. पडदा हा खरेदीचा प्रश्न, तो उत्पादनाच्या तोंडावर येतो. मेनबोर्ड बदलणं हा त्याच्या आधीच्या टप्प्याचा प्रश्न. साचा त्याहूनही आधीचा. म्हणजे जानेवारीत पूर्ण पैसे घेतले तेव्हा आरेखनच पक्कं झालेलं नव्हतं. जो प्रकल्प पुढे सरकत असतो त्याची कारणं पुढच्या टप्प्याची येतात: रेडिओ चाचणी, बॅटरीची वाहतूक-चाचणी, पॅकिंग, सीमाशुल्क. इथे प्रत्येक मेल एक पाऊल मागे जातोय.

हे पैसे बुडवायला निघालेत असं मी म्हणत नाही. काम खरंच चालू असेल. पण ही तारीख काम बघून काढलेली नाही.

स्पष्टवक्ता | ९ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

फसवणुकीची तक्रार टाकण्याचा सल्ला मागे घेतो, हिशेबनीस यांचं पटलं. पण कायद्याचं काय? अमेरिकेत असा नियम आहे की दुसऱ्यांदा उशीर झाला आणि ग्राहकाने होकार दिला नाही तर विक्रेत्याला पैसे परत करावेच लागतात. मग गप्प बसणं म्हणजे होकार कसा?

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

नियम तुम्ही बरोबर सांगितला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार पहिला उशीर ३० दिवसांपर्यंतचा असेल तरच गप्प बसणं हा होकार धरता येतो. उशीर त्याहून लांब असेल किंवा दुसऱ्यांदा होत असेल तर ग्राहकाने स्पष्ट होकार द्यावा लागतो, नाहीतर पैसे परत. युरोपीय संघात वेगळं ठरलं नसेल तर ३० दिवसांत वस्तू द्यायची, नाही दिली तर ग्राहकाने वाजवी जादा मुदत द्यायची आणि तीही चुकली तर करार संपवायचा.

विक्रेता तिथला असेल तर पत्रात त्या नियमाचं नाव जरूर घाला. पण बँकेच्या टेबलावर कार्डाचे नियम चालतात, कायद्याची कलमं नाहीत. शिवाय युरोपातल्या नियमातली 'शेवटची मुदत द्या, ती चुकली की संपवा' ही पद्धत कुठेही उपयोगी पडते, कारण बँकही हेच विचारते: विक्रेत्याशी मिटवायचा प्रयत्न केलात का?

निळी_शाई | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

विक्रेता यातल्या कुठल्याच ठिकाणचा नाही. पत्रात नेमकं काय लिहू? फॉर्म तर स्टोअर क्रेडिटशिवाय पुढेच सरकत नाही.

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

तो फॉर्म भरू नका. भरलात की 'ग्राहकाने स्टोअर क्रेडिट स्वीकारलं' असा पुरावा तुम्हीच तयार करून दिलात. त्या अडकलेल्या खुणेचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा. तो पुढे फार कामाला येतो.

रद्द करायचं ते मेलने. चॅटवर नको, खिडकी बंद झाली की चॅट गायब. मजकूर साधारण असा ठेवा:

"ऑर्डर क्रमांक ____. दि. १२ जानेवारी २०२५ रोजी पूर्ण रक्कम कार्डाने भरली. पाठवणीची मूळ तारीख मार्चअखेर होती. ती ३० जून आणि मग १५ सप्टेंबर अशी पुढे नेण्यात आली. १५ सप्टेंबरपर्यंतही वस्तू मिळाली नाही. ३० नोव्हेंबर ही नवी तारीख मला मान्य नाही. ही ऑर्डर मी आजपासून रद्द करत आहे. पूर्ण रक्कम ज्या कार्डाने भरली त्याच कार्डावर २३ ऑक्टोबर २०२५ पर्यंत परत करावी. स्टोअर क्रेडिट, कूपन किंवा दुसरी वस्तू मला मान्य नाही. यापुढे वस्तू पाठवू नये, पाठवल्यास स्वीकारली जाणार नाही. परतावा केल्यावर त्याचा संदर्भ क्रमांक कळवावा."

यात रागाचं एकही वाक्य नको, 'फसवणूक' हा शब्द नको, 'नाहीतर बँकेत जाईन' अशी धमकीही नको. हा मेल उद्या बँकेतला एक अनोळखी माणूस दोन मिनिटांत वाचणार आहे. त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात: कधी पैसे दिले, कधी मिळायचं होतं, मिळालं नाही, आणि रद्द केलं. मुदत २३ ऑक्टोबर ठेवली कारण मेल आज गेला तर चौदा दिवस होतात आणि २८ तारखेआधी हातात पाच दिवस उरतात.

निळी_शाई | ९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

पाठवला.

निळी_शाई | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

उत्तर आलं. 'आपली गैरसोय समजते. प्री-ऑर्डर अटींनुसार रद्द केल्यास १५ टक्के शुल्क लागू होते. तथापि आपण थांबल्यास मोफत पेन-संच देऊ.' त्याच दिवशी दुसरा मेल आला: 'आपली ऑर्डर रवाना झाली', सोबत ट्रॅकिंग क्रमांक. मी घाबरून गेलेय. खरंच पाठवलं असेल तर?

तांब्याची_तार | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

साचा तयार नसताना काय पाठवणार? ट्रॅकिंगच्या पानावर पहिली ओळ काय दिसते ते नेमकं लिहा.

निळी_शाई | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:००

`Label created` आणि त्याखाली कालची तारीख. बाकी काही नाही. वजनाची जागा रिकामी आहे.

हिशेबनीस | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

म्हणजे विक्रेत्याने फक्त कागदी लेबल छापलं आहे, कुरिअरने पार्सल हातात घेतलेलं नाही. पार्सल खरंच निघालं की त्याखाली उचलल्याची नोंद, ठिकाण आणि बहुतेक वेळा वजन येतं. आजपासून रोज या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. विक्रेता बँकेला नुसता ट्रॅकिंग क्रमांक देऊन 'पाठवलंय' म्हणेल, तेव्हा हे आठ-दहा दिवस जागचं न हललेलं पान तुमच्या बाजूने बोलेल.

आणि चुकून पार्सल दारात आलंच तर घेऊ नका, सही करू नका, उघडू तर मुळीच नका. एकदा घेतलं की 'वस्तू मिळाली नाही' ही तक्रार तिथेच संपते.

१५ टक्क्यांचं असं आहे की ते शुल्क ग्राहकाने मन बदलल्यावरचं असतं. तुम्ही मन बदललेलं नाही, त्यांनी तारीख चुकवली. एका ओळीत उत्तर द्या: '९ ऑक्टोबरचा मेल कायम आहे.' जास्त बोलू नका.

खिडकीपाशी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

पण ऑर्डर करताना ती अट मान्य केली असेल ना? मग शुल्क द्यावंच लागेल असं वाटतं.

हिशेबनीस | १६ ऑक्टोबर, दुपारी १:०५

अट पैसे भरण्याच्या आधी ठळक दिसत होती की तळातल्या एखाद्या दुव्यामागे होती, यावर बरंच अवलंबून आहे. मी दोन्हीकडे निकाल जाताना पाहिले आहेत, खात्रीने सांगणार नाही. मात्र विक्रेत्याने आता शुल्क वजा करून उरलेली रक्कम कार्डावर टाकली तर तक्रार फक्त राहिलेल्या रकमेची करा. आलेले पैसे लपवून पूर्ण रकमेची मागणी करणं चूक आहे आणि ते उघडही पडतं.

निळी_शाई | २४ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

कालची मुदत टळली. परतावा नाही. त्यांचा शेवटचा मेल १८ तारखेचा आहे: 'परतावा प्रक्रियेत आहे.' संदर्भ क्रमांक मागितला, दिला नाही. ट्रॅकिंग अजून `Label created` वरच आहे.

हिशेबनीस | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:२०

खरोखर परतावा झाला असता तर त्यांच्याकडे एआरएन हा २३ अंकी संदर्भ क्रमांक असता. तो दिला की तुमची बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. क्रमांक नाही म्हणजे व्यवहार पुढे गेलेलाच नाही असं धरून चाला.

आजच तक्रार टाका. अ‍ॅपमध्ये कारण 'वस्तू मिळाली नाही' हेच निवडा. परताव्याचं वचन लेखी दिलंय म्हणून 'परतावा जमा झाला नाही' हे कारणही दिसेल, पण त्यात वचनानंतर काही दिवस थांबावं लागतं आणि तुमच्या मेलमध्ये रक्कमही नाही, तारीखही नाही. अपेक्षित तारीख विचारतील तिथे १५ सप्टेंबर लिहा आणि खाली सगळ्या तारखा क्रमाने द्या. ३० जूनही लिहा, लपवू नका.

जोडायचं ते एकाच पीडीएफमध्ये, याच क्रमाने: ऑर्डरची पावती, तारखा पुढे नेणारे तिन्ही मेल, तुमचा ९ ऑक्टोबरचा मेल, त्यांची दोन्ही उत्तरं, स्टोअर क्रेडिटच्या फॉर्मचा स्क्रीनशॉट, ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट. बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली तर ती खर्चू नका, विक्रेत्याने प्रतिवाद केला तर ती परत निघू शकते.

स्पष्टवक्ता | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

आणि मधेच विक्रेत्याने पैसे टाकले तर?

हिशेबनीस | २४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

त्याच दिवशी बँकेला कळवायचं आणि तक्रार मागे घ्यायची. दोन्हीकडून पैसे आले तर एक बाजू ते परत घेणारच. विक्रेता परदेशी चलनात परत करत असेल तर विनिमय दरामुळे रक्कम थोडी कमी-जास्त दिसेल, तेवढ्यासाठी तक्रार ताणू नये.

निळी_शाई | २४ ऑक्टोबर, रात्री ८:३५

टाकली. तक्रार क्रमांक मिळाला. अ‍ॅपमध्ये 'विक्रेत्याच्या उत्तराची प्रतीक्षा' असं दिसतंय.

पायवाट | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

स्टेटमेंट काढलं. माझा व्यवहार ५५३ दिवसांपूर्वीचा निघाला, पण पाठवणीचे पैसे मागच्या डिसेंबरमध्ये वेगळे कापलेत. त्यांच्या मेलमध्ये शेवटची तारीख ऑगस्टअखेर दिली आहे. तेवढ्या रकमेपुरती तक्रार टाकता येईल का?

हिशेबनीस | २५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ऑगस्टअखेरचा तो मेल हातात असेल तर तेवढ्या रकमेसाठी मुदत अजून २९ डिसेंबरपर्यंत आहे. मोहिमेची अट त्या व्यवहाराला लागते की नाही हे मात्र त्या वेळच्या पानावर काय लिहिलं होतं ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पान सापडलं तर नव्या धाग्यात टाका.